‘आई, मी गे आहे’ यानंतर

सोळा-सतरा वर्षांचं मूल आपण समलिंगी असल्याचं घरात सांगतं, तेव्हा ते बहुतेक वेळा नीट ठरवून निवडलेल्या वेळी सांगतं. बाबा दौऱ्यावर असतात, आजी झोपलेली असते, परीक्षेचा शेवटचा पेपर नुकताच झालेला असतो. काही मुलांना समोरासमोर बोलणं जमत नाही. ती शेजारच्या खोलीतून आईला व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज पाठवतात आणि त्याखालच्या दोन खुणा निळ्या होण्याची वाट बघत बसतात.

त्याआधी त्या मुलाने घराची बरीच चाचपणी केलेली असते. टीव्हीवर प्राइड मोर्चाची बातमी लागली तेव्हा बाबा काय म्हणाले, कुणाच्या तरी बायकी चालण्यावर काकांनी नक्कल केली तेव्हा आई हसली की गप्प राहिली, हे सगळं त्याने मनात टिपून ठेवलेलं असतं. आपल्याला कोण आवडतं हे त्याला स्वतःला काही वर्षांपासून जाणवत असतं. कित्येकांना ते दहा-बारा वर्षांचे असतानाच जाणवू लागतं, फक्त त्याला नाव सापडायला वेळ लागतो. पालकांना मात्र ही गोष्ट एका मिनिटात ऐकायची असते आणि पुढच्या मिनिटात काहीतरी बोलायचंही असतं. या दोन मिनिटांत पालक जे बोलतात, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत घरात जे घडतं, त्याचा मुलाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो याचा अभ्यास झालेला आहे.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत कॅटलिन रायन यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘फॅमिली अ‍ॅक्सेप्टन्स प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यांनी समलिंगी किशोरांशी आणि त्यांच्या घरच्यांशी सविस्तर बोलून एक वेगळी गोष्ट केली. पालकांना ‘तुम्ही मुलाला स्वीकारलंत का’ असा मोघम प्रश्न त्यांनी विचारला नाही. घरात नेमकं काय काय केलं गेलं, याची शंभराहून अधिक वर्तनांची यादी त्यांनी तयार केली. मुलाच्या मित्राला घरी येऊ दिलं का, नातेवाइकांच्या कार्यक्रमाला त्याला नेणं टाळलं का, शाळेत कुणी चिडवलं तर ‘तूच तसा वागतोस’ असं सुनावलं का, अशी ती वर्तनं होती. मग २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांना विचारलं, की तुमच्या किशोरवयात यांतलं घरात काय झालं होतं.

२००९ साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. ज्यांच्या घरात अशी नाकारणारी वागणूक खूप होती, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण, ती वागणूक नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या घरांतल्या तरुणांपेक्षा आठपटीहून अधिक होतं. तीव्र नैराश्याचं प्रमाण जवळजवळ सहापट होतं. हा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या तरुणांचा आहे, त्यामुळे तेच आकडे जसेच्या तसे साताऱ्याला किंवा पणजीला लावता येणार नाहीत. पण रायन यांना या कामात जे दिसलं ते आपल्याकडच्या कुणाही पालकाने थांबून ऐकावं असं आहे. नाकारणारे बहुतेक आईबाप मुलावर चिडून तसं वागत नव्हते. ते त्याला वाचवू पाहत होते. ‘लोक त्रास देतील म्हणून सांगतोय, जरा नीट वाग’ असं म्हणणाऱ्या बापाच्या मनात काळजी होती, आणि मुलाने ऐकलं ते ‘तू असा मला नको आहेस’ हे.

हे नेमकं कसं होतं, ते पाहण्यासाठी एक घर कल्पनेने उभं करू. नाशिकमधलं. वडील कंपनीत शिफ्टला जातात, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, मुलगा अकरावीत आहे आणि धाकटी बहीण आठवीत. रात्री जेवणं झाल्यावर आई ओटा पुसत असताना मुलगा येऊन म्हणतो, ‘आई, मला एक सांगायचंय. मी गे आहे.’

आई फडकं खाली ठेवते. पहिला प्रश्न तोंडातून निघतो तो ‘हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?’ दुसरा, ‘तुला नक्की माहितीये? या वयात असं वाटतं कधीकधी.’ तिसरं वाक्य येतं ते ‘बाबांना यातलं काही बोलू नकोस.’ आणि मग तिला रडू येतं, ‘माझंच काय चुकलं रे?’

या चारपैकी एकही वाक्य दुष्टपणाचं नाही. तरी ती ज्या क्रमाने आली, त्या क्रमाने मुलाला काय पोहोचलं ते पाहावं. पहिल्या वाक्याने त्याचं वाटणं दुसऱ्या कुणाचं तरी झालं. दुसऱ्याने ते तात्पुरतं ठरलं. किशोरवयात आकर्षणाचा गोंधळ असू शकतो हे खरं आहे, काही मुलं पुढे वेगळं काही सांगतातही. पण मोठ्या मुलाने ‘मला वर्गातली अमुक मुलगी आवडते’ असं म्हटलं असतं, तर ‘तुला मुली आवडतात हे नक्की ना?’ असं कुणी विचारलं नसतं. तिसऱ्या वाक्याने ती गोष्ट लपवण्यासारखी झाली. आणि चौथ्याने मुलावर एक नवं काम आलं, आईला सावरायचं. अनेक मुलं त्या रात्री हेच करतात. स्वतःचं बोलणं सोडून ‘तुझं काही चुकलं नाही गं’ असं म्हणत आईची समजूत घालत बसतात, आणि पुन्हा तो विषय काढत नाहीत. आईला वाटतं, विषय मिटला.

याच आईला त्या रात्री फार थोडं बोलून चाललं असतं. ‘बरं झालं मला सांगितलंस.’ मग, मनात काहीही चाललं असलं तरी, ‘तू माझा तोच मुलगा आहेस.’ आणि त्यानंतर खरं ते सांगायलाही हरकत नव्हती: ‘मला यातलं फारसं कळत नाही. मला जरा वेळ लागेल. पण मी तुझ्यावर रागावलेली नाही.’ समुपदेशक पालकांना सांगतात की समजल्याचं नाटक करू नका, मुलं ते ओळखतात. न समजणं आणि नाकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मुलाला वेगळ्या दिसतील असं बोलणं एवढंच पहिल्या रात्रीचं काम असतं. जवळ घेणं, पाठीवर हात ठेवणं हे ज्या घरात एरवी होतं, त्या घरात त्या रात्री ते न होणं मुलाला फार लागतं. जिथे तशी सवय नाही, तिथे ‘दूध घेतोस का?’ हेही चालतं.

त्या रात्री विचारण्यासारखे प्रश्न दोनच असतात. ‘तुला कुणी त्रास देतंय का?’ आणि ‘हे आणखी कुणाला माहीत आहे?’ पहिला त्याच्या सुरक्षिततेसाठी. कॉलेजात कुणी चिडवत असेल, कुणी चॅट दाखवून पैसे मागत असेल, तर ते तेव्हाच कळणं गरजेचं असतं. दुसरा प्रश्न यासाठी, की ज्यांना त्याने सांगितलंय त्यांच्यापलीकडे आपल्याकडून ते जाऊ नये. बाकीचे प्रश्न, म्हणजे कधीपासून, कसं कळलं, कुणी आहे का, हे थांबू शकतात. ‘तू काही केलंयस का?’ हा तर विचारूच नये. मूल आपल्या आकर्षणाबद्दल सांगतंय. मुलगी कुणावर मनातून जीव लावून असली तर तिने काही ‘केलेलं’ असतंच असं नाही, तसंच हेही आहे.

दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो तो बाबांचा.

आपल्या घरांत आईला सांगितलेली गोष्ट बापापर्यंत आईमार्फत जाणं ही जुनी रीत आहे. गुणपत्रिका, नापास झाल्याची बातमी, सहलीची परवानगी सगळं असंच जातं. इथे ती रीत मोडावी लागते. कुणाला, कधी आणि कोणी सांगायचं, हे मुलानेच ठरवायचं असतं. आईने विचारावं, ‘बाबांना तू सांगणार आहेस, की मी सांगू, की आत्ता नको?’ मुलगा ‘आत्ता नको’ म्हणाला, तर नको. मात्र ‘आत्ता नको’ हे मुलाने म्हणणं वेगळं आणि ‘कुणाला कळता कामा नये’ हे आईने म्हणणं वेगळं. रायन यांच्या यादीत मुलाला आपली ओळख लपवायला लावणं हे नाकारण्याच्या वर्तनांत आहे, आणि त्याच्या परवानगीशिवाय सगळ्यांना सांगत सुटणं हाही मुलाच्या विश्वासाचा भंगच आहे. आईला स्वतःला कुणाशी बोलल्यावाचून राहवत नसेल, आणि तसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, तर तिने बहिणीला फोन लावण्याआधी मुलाला तसं सांगावं. मावशीकडून ते मामाकडे, मामाकडून आजीकडे आणि आजीकडून देवघरात नवसापर्यंत पोहोचायला आठवडा लागत नाही.

आता या घराचा सर्वांत धोक्याचा वळसा. वडिलांना कळतं. ते आरडाओरडा करत नाहीत. ते शांतपणे म्हणतात, ‘चांगल्या डॉक्टरला दाखवू.’

हे वाक्य महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत अत्यंत जबाबदार समजलं जातं, आणि म्हणूनच त्याच्यावर थोडं थांबायला हवं. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे नेमकं काय दाखवायचं? समलैंगिकता हा आजार नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९७३ साली ती आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ती १९९० साली गेली. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ साली हेच भूमिका म्हणून जाहीर केलं. संप्रेरकांची रक्ततपासणी करून कोण कुणाकडे आकर्षित होतं हे कळत नाही, आणि टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊन मुलाला मुली आवडू लागत नाहीत. तरीही असे उपचार करणारे आहेत. कुणी गोळ्या देतं, कुणी संमोहन करतं, कुणी मुलांचे फोटो दाखवून त्याच वेळी विजेचा झटका देतं, कुणी ‘दोन वर्षांत लग्न लावा, आपोआप ठीक होईल’ असा सल्ला देतं. वैदू, बाबा, अंगारा हे तर आहेतच.

यातून मूल बदलत नाही. ते मोडतं. रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आणखी एका अभ्यासात, ज्यांना पालकांनी बदलण्याचे प्रयत्न केले नव्हते अशा तरुणांपैकी २२ टक्क्यांनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं होतं. ज्यांच्या पालकांनी घरीच असे प्रयत्न केले, त्यांच्यात हे प्रमाण ४८ टक्के होतं. ज्यांना घरच्यांबरोबर थेरपिस्ट किंवा धर्मगुरूंकडेही नेलं गेलं, त्यांच्यात ६३ टक्के. आपल्या जवळचंच एक उदाहरण आहे. मे २०२० मध्ये केरळहून आलेली एक विद्यार्थिनी गोव्यात मृतावस्थेत सापडली. काही आठवड्यांपूर्वी तिने फेसबुकवरच्या व्हिडिओत सांगितलं होतं, की घरच्यांनी आपल्याला ‘बरं’ करण्यासाठी जबरदस्तीने केंद्रांत ठेवलं आणि औषधं दिली.

कायद्यानेही आता यात पाऊल टाकलं आहे, आणि त्यामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईला आल्या. दोघींच्या पालकांनी त्या बेपत्ता असल्याच्या तक्रारी दिल्या, पोलीस मागे लागले आणि मुलींनी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी मुलींना आणि पालकांना समुपदेशनाला पाठवलं. मग निकाल लिहिण्याआधी, आपल्याला हा विषय पुरेसा कळत नाही असं उघडपणे सांगून, ते स्वतःही एका मानसशास्त्रज्ञाबरोबर बसले. ७ जून २०२१ च्या त्यांच्या आदेशात लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या किंवा बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांवर बंदी घालण्याचे निर्देश आहेत. त्याच प्रकरणाच्या पुढच्या टप्प्यात, ऑगस्ट २०२२ मध्ये, नॅशनल मेडिकल कमिशनने राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं, की असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे महाराष्ट्रात एखादा डॉक्टर ‘मुलाला सरळ करून देतो’ म्हणाला, तर त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. भोंदू बाबाची किंवा डॉक्टर नसलेल्या ‘समुपदेशका’ची तक्रार मात्र तिथे चालत नाही. ती उणीव आजही आहे.

मग डॉक्टरकडे कधीच जायचं नाही का? जायचं, पण कारण नीट ठरवून. मुलाला झोप येत नसेल, तो जेवत नसेल, खोलीतून बाहेर येत नसेल, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलत असेल, हातावर जखमा दिसत असतील, तर लगेच जायचं. ते नैराश्यासाठी, चिंतेसाठी. समलिंगी असण्यासाठी नव्हे. भेटीची वेळ घेतानाच फोनवर एक प्रश्न विचारून घ्यावा: ‘आमचा मुलगा गे आहे. तुम्ही अशा मुलांबरोबर कसं काम करता?’ समोरून ‘आणा, बघू किती पुढे गेलंय’ असं उत्तर आलं, किती बैठकांत फरक पडेल याची हमी मिळाली, किंवा मुलाला न भेटताच औषधाचं नाव निघालं, तर तिथे जाऊ नये. चांगला मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक मुलाशी एकट्याशी बोलतो, तो काय बोलला हे पालकांना जसंच्या तसं सांगत नाही, मुलाच्या जिवाला धोका वाटला तरच गोपनीयता मोडतो, आणि बहुतेक वेळा आईवडिलांनाही स्वतंत्र वेळ देतो. रात्री-अपरात्री मूल अगदीच टोकाला आलेलं वाटलं, तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. तिथे मराठीत बोलता येतं. अठराखालच्या मुलाला घरात किंवा बाहेर मारहाण होत असेल, तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

नाशिकच्या त्या घरात वडिलांनी डॉक्टरचा विषय सोडला असं समजू. पुढचा वाद बहुधा मोबाईलवरून होतो. ‘त्या रील्स बघूनच हे झालंय’ म्हणून फोन काढून घेतला जातो, कॉलेज ते घर एवढीच मुभा राहते, आणि ज्या एका मित्राला सगळं माहीत होतं त्याच्याशी बोलणं बंद होतं. फोन बघून कुणी गे होत नाही. पण आपल्यासारखं दुसरं कुणी आहे हे त्या मुलाला बहुतेक वेळा फोनवरच कळलेलं असतं. तो काढून घेतला की तो एकटा पडतो, आणि हेच वय आहे ज्यात एकटं पडणं सर्वांत महाग पडतं.

पालकांची भीती मात्र निराधार नसते. डेटिंग अ‍ॅपवर वय खोटं सांगून अनोळखी मोठ्या माणसाला भेटायला जाणं, तिथे लुटलं जाणं, फोटोंवरून धमकावलं जाणं हे मुलांच्या बाबतीत घडतं. ज्या मुलाला घरात काहीच सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत ते अधिक घडतं, कारण तो पोलिसांत जाणार नाही हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. अठरा वर्षांखालच्या मुलाशी कुणी मोठ्या माणसाने लैंगिक संबंध ठेवले तर तो पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मूल मुलगा असो वा मुलगी, आणि त्याने ‘हो’ म्हटलेलं असो वा नसो. हे मुलाला धाक म्हणून न सांगता, त्याच्या बाजूचा कायदा म्हणून सांगावं. आणि एक वचन द्यावं व ते पाळावं: ‘काहीही झालं, कुणी फोटो टाकायची धमकी दिली, तरी आधी मला फोन कर. मी आधी तुला घरी आणेन, बाकीचं नंतर बोलू.’ बहिणीला जे नियम आहेत, रात्री किती वाजता घरी, कुठे जाणार ते सांगायचं, अनोळखी माणसाला एकट्याने भेटायचं नाही, ते सगळे नियम यालाही असावेत. गे आहे म्हणून जास्त कडक नाहीत, आणि घाबरून सगळे सोडूनही दिलेले नाहीत.

मुलगी असेल तर हीच गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. मुलीचं म्हणणं आधी कुणी गंभीरपणे घेत नाही. ‘मैत्रिणीवर जीव आहे, लग्न झालं की विसरेल.’ आणि मग बारावीनंतर, कायद्याने अठरा पूर्ण झाल्या झाल्या, स्थळं सुरू होतात. तिच्या बाबतीत पालकांनी करण्याची सर्वांत मोठी गोष्ट साधी आहे: तिचं शिक्षण चालू ठेवायचं, आणि घरात तिचं स्थळ कुणी काढलं तर ते तिच्या तोंडावर न टाकता आपणच थांबवायचं. ‘आम्हाला घाई नाही’ एवढं पालकांनी म्हटलं तरी आत्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत बरेच जण गप्प होतात.

आता आईवडिलांचं स्वतःचं दुःख. ते असतं, आणि त्याला जागा हवी. त्यांनी मनात रंगवलेलं काही कोसळलेलं असतं: सून, बारसं, म्हातारपणी भरलेलं घर. कित्येकांना आजही वाटतं की मुलगा गुन्हेगार ठरेल. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधले परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देण्यास नकार दिला. म्हणजे वारसा, विमा, इस्पितळातली सही यांचे प्रश्न या मुलाला पुढे येणार आहेत, आणि त्याची चिंता करणारे आईबाप चुकीची चिंता करत नाहीत. फक्त ती चिंता सोळाव्या वर्षीच मुलाच्या अंगावर टाकू नये. ती इतर पालकांबरोबर बोलण्याची गोष्ट आहे.

आणि असे पालक आहेत. मुंबईत २०१७ साली अरुणा देसाई यांच्या पुढाकाराने ‘स्वीकार – द रेनबो पेरेंट्स’ हा गट सुरू झाला. तिथे समलिंगी आणि पारलिंगी मुलांचे आईवडील एकमेकांशी बोलतात. कित्येकांना तिथे पहिल्यांदा कळतं, की आपल्याला आली तशीच रात्र दुसऱ्या घरातही आली होती आणि ते घर आज उभं आहे. त्याच्या कितीतरी आधी देशभरातले १९ पालक कलम ३७७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे उभे राहिले. हा कायदा आमच्या मुलांना तर त्रास देतोच, पण आमच्या कुटुंबांनाही देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मराठी रंगभूमी आणि चित्रपटांतून आपल्याला माहीत असलेल्या चित्रा पालेकर त्यांपैकी एक होत्या. आपली मुलगी लेस्बियन आहे हे त्या अनेक वर्षं व्यासपीठांवर आईच्या भाषेत, कसलाही आडपडदा न ठेवता सांगत आल्या आहेत. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला, आणि त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी एका मराठी समलिंगी मुलाचं आयुष्य त्याच्या तोंडून सांगते. मुलाला काय वाटत असेल हे त्याला विचारायला संकोच वाटणाऱ्या वडिलांनी ती वाचावी. मूल घरात नसताना वाचली तरी चालेल, पण मग कपाटात लपवू नये. टेबलावर राहू द्यावी. पुस्तक टेबलावर दिसणं हेही मुलाला काही सांगून जातं.

घरातल्या बाकीच्यांचं काय? धाकट्या बहिणीला बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं, भावंडांना कळतंच. तिला फक्त एवढं सांगावं लागतं की शाळेत कुणाला हे सांगणं हा दादाचा हक्क आहे, तिचा नाही. आजीआजोबांच्या बाबतीत घाई नको. मात्र घरात कुणी बायल्या, हिजडा असे शब्द शिवीसारखे वापरत असेल, तर ते आईबापांनीच थांबवायचं, आणि मूल खोलीत असताना थांबवायचं. ‘आपल्या घरात असं बोलायचं नाही’ हे वडिलांनी काकांना सांगितलेलं मुलाने ऐकलं, तर दहा समजुतीच्या गप्पांपेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो. आपल्याला स्वतःला अजून अवघडल्यासारखं वाटत असतानाही मुलाची बाजू घेणं, हे रायन यांच्या यादीतल्या मुलाला तारून नेणाऱ्या वर्तनांपैकीच एक आहे. सगळं पटेपर्यंत थांबण्याची गरज नसते. नाकारणारी वागणूक थोडी कमी झाली तरी मुलाचा धोका कमी होतो, असं त्यांचं काम दाखवतं.

हा लेख वाचणाऱ्या काही घरांत ती रात्र आधीच होऊन गेली असेल. हात उगारला गेला असेल, ‘आमच्यासाठी तू मेलास’ असं कुणी बोलून गेलं असेल, किंवा सहा महिने त्या विषयावर कुणी एक शब्द काढला नसेल. परत जाता येतं. पण त्यासाठी मुलाने पुन्हा विषय काढण्याची वाट पाहू नये, तो काढणार नाही. वेळ अशी निवडावी की डोळ्यांत डोळे घालून बसावं लागणार नाही, स्कूटरवरून परत येताना, भाजी निवडताना. ‘त्या दिवशी तू सांगितलंस तेव्हा मी तुला मारलं. ते चूक होतं. त्याचं कारण मी देणार नाही. तुला परत कधी बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन.’ काय चुकलं त्याचं नाव घ्यायचं, ‘पण’ हा शब्द टाळायचा, आणि माफ केलंस का असं विचारायचं नाही. मूल बहुधा ‘हं’ म्हणेल आणि मोबाईलमध्ये डोकं घालेल. काही दिवस ते आईबापांची परीक्षा घेईल, मुद्दाम एखाद्या मित्राचं नाव घेईल, कानात एक बाळी घालून येईल, आणि चेहऱ्याकडे बघेल. तेव्हा त्या मित्राबद्दल विचारावं, तो कुठे राहतो, काय शिकतो, रविवारी जेवायला येईल का.